सही सगळ्यात शेवटी

नवे मॅनेजमेंट ट्रेनी येणार असले की आमच्या छोट्या हॉलमधल्या खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढतात. आपण काहीतरी मोठं पटकावलंय असं पोरांना पहिल्या दिवशी तरी वाटावं, एवढाच त्यामागचा हेतू. दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीवर बसणारच नसतात. अठरा कव्हरं मागितली होती, मी एकोणीस काढून दिली, कारण एखाद्याच्या हातून कॉफी सांडतेच. सव्वीस वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढली की माणसाच्या आधी कापड दिसायला लागतं.

पण त्या सकाळी मी कव्हरं बघायला थांबले नव्हते. मागच्या रांगेत बसून भाषण ऐकायचं मला आमंत्रण होतं, तेही खुद्द जनरल मॅनेजरचं. आणि तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर, माझी लेक बसली होती.

तिचं माझं घरी आधीच ठरलं होतं. ठरलं कसलं, तिनं ठरवलं आणि मी मान डोलावली. "आई, तिथं मी तुला मॅम म्हणणार. ओळख दाखवायची नाही. नाहीतर सगळे म्हणतील, वशिल्यानं आली." आमच्याकडे बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव असतं, त्यामुळे आडनावावरून कुणी ताडण्याचा प्रश्न नव्हता. एचआरच्या फॉर्मवर नातं लिहिलेलं होतं, आणि साहेबांना माहीत होतं. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "आईला मॅम म्हण नाहीतर महाराणी म्हण, फक्त घरी आल्यावर आपलं ताट आपण उचल." लेक हसली, मीही हसले. पोरगी स्वतःच्या मार्कांवर निवडली गेली होती, तेव्हा तिचं म्हणणं मला पटलंही होतं.

साहेब म्हणजे शिट्टी. हे नाव आता माझ्याशिवाय कुणाला आठवत नाही. पंधरा वर्षांपूर्वी तो असाच ट्रेनी म्हणून चौथ्या मजल्यावर माझ्या हाताखाली आला होता आणि कॉरिडॉरमधून शिट्टी वाजवत चालायचा. पाहुण्यांच्या दारासमोरून! मी त्याला दोनदा झापलं, तिसऱ्यांदा त्याची सवय सुटली, पण नाव चिकटलं. ट्रेनिंग संपल्यावर तो ग्रुपच्या दुसऱ्या हॉटेलात गेला, तिथून तिसऱ्या, आणि चढत चढत गेल्या वर्षी आमच्याकडेच जनरल मॅनेजर होऊन परत आला. आला त्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "ताई, मी विसरलेलो नाही."

काय विसरला नव्हता, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. ते आधी सांगते.

दारावर 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी असेल तर आम्ही ते दार वाजवत नाही. पण पाटी दिवसभर तशीच लटकत राहिली, तर आत माणूस झोपलाय की पडलाय हे कसं कळणार? म्हणून नियम आहे. दुपारी दोन वाजता मजल्याची सुपरवायझर अशा प्रत्येक खोलीत फोन करते. पाहुणा बोलला, तर वेळ आणि त्याचं म्हणणं मजल्याच्या शीटवर लिहायचं. नाही बोलला, तर ड्यूटी मॅनेजरला कळवायचं. तो सिक्युरिटीला घेऊन येतो आणि दार उघडतो. सगळं लिहून झालं की खाली सही करायची, आणि तीन वाजता शीट खालच्या ऑफिसात पोचवायची. सोपं आहे. वर्षानुवर्षं रोज केलं की अगदीच सोपं वाटायला लागतं, तिथंच घात होतो.

त्या दिवशी पावणेदोनला शाळेतून फोन आला. लेक तेव्हा सात वर्षांची. पायऱ्यांवरून पडली, हनुवटी फुटली, रक्त थांबत नाही. नवरा कामाला शहराबाहेर. परवानगी मागत बसले असते तर अर्धा तास गेला असता, म्हणून मी ती मागितलीच नाही. शिट्टीला म्हटलं, "चार खोल्यांवर पाट्या आहेत. बरोबर दोनला फोन लाव, वेळ लिही, शीट खाली दे." आणि माझ्या सहीशिवाय ऑफिसात शीट घेणार नाहीत म्हणून कोऱ्या शीटवर आधीच सही ठोकून मी मागच्या दारानं पळाले.

सव्वातीनला परत आले. शीट गेली होती. नंतर कळलं, चारशे बारापुढे लिहिलं होतं: दोन वाजून दहा मिनिटं, पाहुणे बोलले, संध्याकाळी या म्हणाले.

शिट्टीनं फोन केलाच नव्हता. चारपैकी एकाही खोलीत नाही. तो स्टाफ कँटीनमध्ये मॅचचा शेवट बघत बसला होता. चारशे बारामधले म्हातारे गृहस्थ बारा वाजल्यापासून बाथरूमच्या फरशीवर पडून होते, खुब्याचं हाड मोडून. संध्याकाळी सहाला बिछाने लावणारी आमची बाई त्या दारावरून जात होती, तिला आतून टकटक ऐकू आली. ते साबणाच्या डबीनं फरशी ठोकत होते. तिनं धावत जाऊन ड्यूटी मॅनेजरला आणलं. गृहस्थ वाचले, पण काठी कायमची लागली.

चौकशीच्या आधी शिट्टी कपड्यांच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून हमसून हमसून रडला. "ताई, नोकरी लागायच्या आधीच माझं सगळं संपेल. मला वाचवा. मी एक दिवस स्वतः सगळ्यांसमोर सांगीन, शप्पथ." मी आत गेले. खोटी नोंद कुणी केली, असं विचारलं. मी म्हटलं, मी.

मला मखरात बसवू नका. 'त्यानं' असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, 'आणि तुम्ही कुठं होता?' न सांगता मजला सोडला हेही पाप होतंच. पण मजला सोडल्याबद्दल तंबी मिळाली असती. खोटी नोंद केल्याबद्दल मला मेमो मिळाला आणि तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत तीन वर्षं चादरी मोजायचं काम मिळालं. माझ्यानंतर आलेल्या दोघी माझ्या डोक्यावरून पुढे गेल्या. आजही मी खात्याची प्रमुख नाही, असिस्टंटच आहे.

घरीही मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लेकीनं जन्मभर स्वतःच्या हनुवटीला दोष दिला असता. सासूबाईंचं मात्र पालुपद होतं: "एकाच दिवशी पोरीची हनुवटी फुटली आणि हिची अब्रू गेली. लक्ष नको का कामात?" लेक ते ऐकत मोठी झाली. ती बारा वर्षांची असताना मी तिला अर्धवट अभ्यासावरून बोलले, तर फाडकन म्हणाली, "तू तरी कुठं नीट काम केलंस? तुला तळघरात टाकलं होतं ना?" चादरीवरचे कसलेही डाग काढता येतात मला. ते वाक्य मात्र कशानंच निघालं नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात शिट्टीला सांगितलं, "साहेब, या बॅचमध्ये माझी मुलगी आहे." तो खुर्चीतून उठलाच. "वा, ताई! मग या वेळी मी भाषणात चारशे बाराची गोष्ट सांगतो. तुम्ही समोर हव्यात. तिलाही कळू दे." तो आठवडाभर मी लाँड्रीवाल्यांशीसुद्धा गोड बोलले. त्यांना वाटलं, मी राजीनामा देतेय.

तर त्या सकाळी साहेब आले. माइक असूनही माइकशिवाय बोलले, हे त्याचं जुनं कौशल्य. आवाज छान आहे त्याचा.

"गुड मॉर्निंग. बसा, बसा. उद्यापासून उभंच राहायचंय." पोरं हसली. "सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघा. पॉलिश केलंय? छान. सहा महिन्यांनी याच बुटांत तुमचे पाय सुजलेले असतील, तेव्हा मला येऊन सांगा, तुम्हाला हॉटेल आवडतं की हॉटेलचे फोटो."

खरंच चांगलं बोलत होता. अठरा महिन्यांचा कार्यक्रम सांगितला: आधी हाउसकीपिंग, मग किचन, मग रेस्टॉरंट, शेवटी फ्रंट ऑफिस, आणि प्रत्येक खात्यानंतर मूल्यांकन. "ज्याला टॉयलेट घासायची लाज वाटते, त्यानं आत्ताच मागच्या दारानं घरी जावं, मी रागावणार नाही." पाहुण्याच्या खोलीत काय दिसलं ते बाहेर बोलायचं नाही, हे सांगितलं. आग लागली तर कुठं जमायचं, ते हातानं दाखवलं. पाहुण्यासमोर 'नाही' म्हणायच्या आधी 'मी बघतो' म्हणा, म्हणाला. मी मागे बसून मनात म्हणत होते, बघा, माझ्या हाताखालचा पोरगा आहे हा. इतका मोठेपणा मी त्या दहा मिनिटांत मिरवून घेतला.

मग तो टेबलाला टेकला आणि आवाज खाली आणला.

"एक गोष्ट सांगतो. माझ्या स्वतःच्या ट्रेनिंगची. याच हॉटेलात, चौथा मजला, खोली चारशे बारा."

मी लेकीच्या पाठीकडे बघत होते. तिची पाठ ताठ झाली होती, चारशे बारा हा आकडा तिनं घरी शंभर वेळा ऐकला होता.

"दारावर पाटी. दुपारचे दोन वाजून गेलेले. माझी सुपरवायझर अनुभवी बाई होती, मजला तोंडपाठ. मी म्हटलं, मॅडम, फोन लावूया का? त्या म्हणाल्या, राहू दे रे, हे म्हातारे रोज झोपतात. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी शीटवर लिहिलं, पाहुणे बोलले. फोनला हातही न लावता. मी तेवीस वर्षांचा. मोठ्या माणसाला उलट कसं बोलू? मी गप्प बसलो." इथं तो थांबला. थांबायचं कुठं, हे त्याला बरोबर कळतं. "पण मला चैन पडेना. सहा वाजता मी स्वतः त्या दाराला कान लावला. आतून टकटक येत होती."

पुढचं मला धड ऐकू आलं नाही. ड्यूटी मॅनेजरला त्यानंच आणलं म्हणे. म्हाताऱ्यांचा हात त्यानंच धरला म्हणे. बिछाने लावणारी आमची बाई त्या गोष्टीत कुठं नव्हतीच. ती गेल्या वर्षी रिटायर झाली, तिला काय कळणार होतं. "तेव्हा मी ठरवलं," शिट्टी म्हणाला, "की वरच्या माणसाच्या सहीला मी कधी घाबरणार नाही. तुम्हीही घाबरू नका." पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी डोळे पुसत होती.

मी टाळ्या वाजवल्या की नाही, ते आठवत नाही. हात मांडीवर होते एवढं आठवतं. मला रागही आला नव्हता अजून. माझ्याच हातानं मी याला सुरी दिली आणि यानं समोर बसवून, आमंत्रण देऊन, माझा गळा कापला, एवढंच कळत होतं.

"काही प्रश्न?" शिट्टीनं विचारलं.

तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेला. माझ्या लेकीचा.

"सर, त्या सुपरवायझर त्या वेळी मजल्यावरच होत्या?"

"म्हणजे काय! माझ्या शेजारी उभ्या होत्या."

"शीटवर वेळ काय लिहिली होती, सर?"

"दोन वाजून दहा मिनिटं." शिट्टी हसला. "प्रश्न छान आहे. तपशील लक्षात ठेवायचे असतात. पंधरा वर्षं झाली, पण ते घड्याळ मला आजही दिसतं."

"थँक यू, सर." ती खाली बसली. बसताना तिचं बोट हनुवटीच्या खाली गेलं, तिथं तीन टाक्यांची पांढरी रेघ आहे. मी ते बोट पाहिलं. तिला कळलं होतं. मी एक शब्द न बोलता, पंधरा वर्षांनी, तिला कळलं होतं. त्या खोटारड्यानं खोटं बोलून का होईना, माझं काम करून टाकलं होतं.

चहाची सुट्टी झाली. पोरं टेबलाकडे गेली आणि शिट्टी कप हातात घेऊन सरळ माझ्याकडे आला. चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू.

"कशी झाली गोष्ट, ताई?"

"कुणाची गोष्ट होती ती?" मी विचारलं.

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "अहो, नाव कुठं घेतलं मी तुमचं?"

"साहेब, फोन कुणी केला नव्हता?"

"ताई, पोरांना शिकवायला गोष्ट लागते. मी फोन केला नाही असं जनरल मॅनेजरनं सांगितलं, तर उद्या त्यांनी माझं ऐकायचं का?" तो अगदी समजावणीच्या सुरात बोलत होता. "शिकवण तर बरोबर पोचली ना? आणि चौकशीत तुम्ही स्वतःच सांगितलंय, नोंद तुमची होती म्हणून. मी रेकॉर्डच्या बाहेर काही बोललो नाही."

"तुम्ही शपथ घेतली होती. गठ्ठ्यावर बसून."

"अहो, किती जुनं धरून बसता!" मग कप बशीत ठेवत, खूप प्रेमानं म्हणाला, "मुलगी हुशार आहे तुमची. प्रश्न नेमका विचारते. मी जातीनं लक्ष ठेवीन तिच्यावर."

हा आशीर्वाद होता की दम, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुतेक त्यालाही माहीत नसावं. तो वळला आणि पोरांच्या घोळक्यात शिरला.

चहानंतरचं सत्र माझं होतं. हाउसकीपिंगची ओळख, पाऊण तास. मी शीटचा गठ्ठा आणायला हॉलमागच्या पँट्रीत गेले, तर माझ्यामागून लेक आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"दोन दहाला तू दवाखान्यात होतीस," ती म्हणाली. "माझं डोकं धरून. डॉक्टर म्हणाले, आईचा हात दाब, दुखलं की. भिंतीवर घड्याळ होतं, मोठ्या काट्यावर माशी बसली होती. तू म्हणालीस, माशी उडेपर्यंत होऊन जाईल."

मला ते आठवतही नव्हतं. मी तिचा हात धरला. पंधरा वर्षं ज्याची वाट बघत होते, ते असं पँट्रीत, चमच्यांच्या खोक्यांमध्ये उभं राहून मिळत होतं. माझे डोळे भरून आले. म्हटलं, "अगं, तुला सांगायचं होतं गं, पण..."

"आई." तिनं हात सोडवून घेतला. जोरात नाही, हळूच. "आता काही बोलू नकोस हं."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणालाच. त्यांनाही नाही. माझे अठरा महिने आहेत इथं. शेवटचं मूल्यांकन त्यांच्याच सहीनं जातं." ती दाराकडे बघत होती. "मी तो प्रश्न विचारायला नको होता. तोंडातून निघून गेला. त्यांच्या लक्षात आलं असेल का गं?"

मला काय वाटत होतं? ती म्हणेल, चल, आत्ता जाऊ, सगळ्यांसमोर सांगू. आणि मीच तिला म्हणणार होते, नको गं, जाऊ दे. मोठेपणा माझ्याकडे ठेवायची माझी तयारी होती. तिनं तो माझ्याकडून मागूनच घेतला.

"पंधरा वर्षं तू मला नालायक समजत होतीस," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "आज कळलं ना खरं? मग?"

"कळलं ना. मला कळलं, बस ना." तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "आई, तू तेव्हा त्यांना सांभाळलंस. ते तर परके होते. आता मला सांभाळ ना."

तिनं आरशासारख्या चकचकीत थर्मासमध्ये बघून डोळे टिपले, कॉलर नीट केली आणि गेली. मी शीट मोजल्या, राखीव एक सोडून. अठरा.

सत्र सुरू झालं. मी चादरीचा कोपरा कसा मोडायचा ते दाखवलं, ट्रॉली दाखवली, पाटीचा नियम सांगितला. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा होता, त्याचं मलाच नवल वाटलं. लेक आता दुसऱ्या रांगेत होती, वहीत भराभर लिहून घेत होती. तेवढ्यात चष्मा लावलेल्या एका मुलानं हात वर केला.

"मॅम, सरांनी सांगितलं त्या सुपरवायझर... त्या अजून आहेत इथं?"

सगळी पोरं पुढे झुकली. लेकीचं पेन थांबलं. तिनं मान वर केली नाही.

'गेल्या' म्हणणं सोपं होतं. एक शब्द, सगळे सुखी. पण दुसऱ्यांदा माझी जीभ रेटेना.

"आहेत," मी म्हटलं. "मीच ती."

तो मुलगा लाल झाला. "सॉरी मॅम, मी..."

"सॉरी कशाला? विचारलंस ते बरं केलंस. माझ्या हातून काय चुकलं, तेवढं मी सांगते. दुसऱ्याचं मला सांगायचं नाही." मी एक शीट वर धरली. "मी या कागदावर सही केली तेव्हा तो कोरा होता. कोऱ्या कागदावर तुम्ही सही केलीत, की पुढे त्यावर जे कुणी जे काही लिहील, ते तुम्ही लिहिलेलं असतं. जन्मभर. माझी चूक एवढीच. ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तरी एवढं माझ्याकडून लक्षात ठेवा."

काहींना कशाचा तरी वास आला असावा. दोघंतिघं एकमेकांकडे बघत होती. चष्मेवाल्यानं शेजारी वाकून माझ्या लेकीला कुजबुजत विचारलं, पण हॉल इतका शांत होता की मला शब्दन् शब्द ऐकू आला. "ए, मघाशी तू वेळ का विचारलीस? तू यांना ओळखतेस?"

"नाही रे," लेक म्हणाली. "मी कशाला ओळखीन?"

ओळख दाखवायची नाही, हे आमचं ठरलेलंच होतं. मी मान डोलावली होती. तरी ते लागलं. शिट्टीचं मी परक्याचं पोर म्हणून सोसलं असतं. हिच्यापुढे काय म्हणू?

मी शीट वाटल्या. सराव असा की मी टेबलावरच्या फोनपाशी बसायचं, एकेकानं येऊन चारशे बाराला फोन लावल्याचा अभिनय करायचा, मी कधी पाहुणा होऊन बोलायचं, कधी गप्प राहायचं, आणि त्यांनी त्याप्रमाणे शीट भरायची. पोरं एकेक करून आली. काहींनी वेळ चुकवली, एकानं पाहुण्याला 'बोला काका' म्हटलं, सगळे हसले. हॉल जरा हलका झाला.

लेकीची पाळी आली. ती टेबलाशी आली, शीट माझ्यासमोर ठेवली आणि फोनकडे हात नेला. मी शीटकडे पाहिलं. खोली नाही, वेळ नाही, काही लिहिलेलं नव्हतं. तळाशी मात्र तिची सही होती. गडबडीत बसल्या जागीच करून ठेवली असावी. लांबलचक, नवी कोरी, अजून फारशा कागदांवर न उमटलेली सही.

तिनंही ती माझ्याबरोबरच पाहिली. तिचा चेहरा पडला. मागे पोरं होती, त्यांना कागद दिसत नव्हता. वर धरून दाखवला असता, तर सत्र छान रंगलं असतं.

मी तो कागद मधोमध फाडला, चार तुकडे केले आणि ते एप्रनच्या खिशात टाकले. मग राखून ठेवलेली माझ्या हातातली शीट तिच्यापुढे सरकवली.

"आधी फोन," मी म्हटलं. "मग वेळ. सही सगळ्यात शेवटी."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता तोंडातून 'आई' निघेल.

"येस, मॅम," ती म्हणाली.